नाव शेवटी विचारायचं: लघु-गुरू लावण्याबद्दल मैत्रिणीला पत्र

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या पत्रासोबतचा कागद पाहिला. चार ओळी, त्यांवर खुणा, खाली तीन-तीन अक्षरांचे गण, त्याखाली तीनदा खोडलेलं वृत्ताचं नाव. हसू आलं, कारण माझ्या वहीत गेली दोन वर्षं अगदी अशीच पानं आहेत. तू जिथे अडतेस तिथेच मी अडत होते. परवा संध्याकाळी मावशी माझ्याजवळ साडेतीन तास बसली आणि माझी गाठ सुटली. नियम मला आधीही पाठ होते. फक्त मी ते भलत्या क्रमाने वापरत होते: आधी वृत्ताचं नाव मनात धरायचं, मग त्यात बसतील अशा खुणा ओळीवर मारायच्या. मावशीने पहिल्याच मिनिटाला बजावलं, "नाव शेवटी. तोवर वृत्ताचं नाव तोंडातून काढलंस तर पेन्सिल काढून घेईन."

तिने केलं तसंच क्रमाने लिहिते. तूही त्याच क्रमाने कर, पुढची पायरी आधी वाचून ठेवू नकोस.

## तयारी

चौकटींचा कागद घे, गणिताच्या वहीचा चालेल. पेन्सिल आणि खोडरबर हवंच. पेनाने केलं की माणूस चूक झाकण्यासाठी नियम वाकवतो, हा माझा अनुभव.

सुरुवातीला एकच ओळ कधी घेऊ नकोस, पूर्ण चार चरण घे. एका ओळीत चूक लपते, चार ओळी एकाखाली एक आल्या की ती आपोआप उघडी पडते. अभंग किंवा ओवीही आत्ता नको. तिथे लघु-गुरूंचा, म्हणजे हलक्या-जड अक्षरांचा, ठरावीक क्रम नसतोच, आणि तू तो उगाच शोधत बसशील.

मावशीने सरावासाठी तिथल्या तिथे चार ओळी रचून दिल्या. कविता म्हणून त्यांत काही नाही, शेवटचं यमकही जुळवलेलं नाही, पण चुकायच्या सगळ्या जागा तिने मुद्दाम पेरल्या होत्या:

संध्या उदास गगनी पसरून जाते
पक्षी घरा परतती मन स्तब्ध होते
वाटे पुन्हा जवळ ये सय दूर गेली
डोळे मिटून बसता मिळतो उजेड

## १. अक्षरं सुटी करा आणि मोजा

एका चौकटीत एक अक्षर. पहिली ओळ मी मोजली ती अकरा भरली. मावशीने मोजली ती चौदा. तीन अक्षरं गेली कुठे?

ती माझ्या बोलण्यात गेली होती. आपण "उदास" म्हणताना शेवटचा स पाय मोडल्यासारखा म्हणतो: उ-दास्, दोन तुकडे. "पसरून"चंही तसंच, पस्-रून्. बोलताना ते बरोबरच आहे. पण वृत्तात म्हणताना लिहिलेलं प्रत्येक पूर्ण अक्षर पूर्ण उच्चारायचं असतं: उ-दा-स, प-स-रू-न. "घर" हे बोलण्यात एक जड अक्षर वाटतं, वृत्तात ती दोन हलकी अक्षरं आहेत. माझ्या निम्म्या चुका या एकाच गोष्टीतून येत होत्या आणि मी मात्र नियमांना दोष देत होते.

उलट बाजूनेही घसरता येतं. जोडाक्षरातला अर्धा वर्ण वेगळा मोजायचा नाही. "स्तब्ध" म्हणजे स्त आणि ब्ध, दोनच चौकटी. "संध्या" म्हणजे सं आणि ध्या.

चौकटींत भरलेल्या ओळी अशा दिसतात:

सं | ध्या | उ | दा | स | ग | ग | नी | प | स | रू | न | जा | ते
प | क्षी | घ | रा | प | र | त | ती | म | न | स्त | ब्ध | हो | ते
वा | टे | पु | न्हा | ज | व | ळ | ये | स | य | दू | र | गे | ली
डो | ळे | मि | टू | न | ब | स | ता | मि | ळ | तो | उ | जे | ड

तपासा: चारही ओळींत १४ अक्षरं आली का? आली तर पुढे. एखादी ओळ एकाने कमी-जास्त असेल तर तीच पुन्हा मोज, बहुतेक वेळा शब्दाच्या शेवटचा अ गिळलेला असतो. चारही ओळींची संख्या वेगवेगळीच येत असेल आणि मोजणीत चूक नसेल, तर ते बहुधा मात्रावृत्त आहे. तिथे अक्षरांऐवजी मात्रा जुळतात आणि गण पाडायचे नसतात. ती कविता बाजूला ठेव.

## २. नक्की गुरू असतील तेवढेच आधी लावा

आता पेन्सिलीने फक्त गुरूची आडवी रेघ (–) मारायची. लघूला अजून हात लावायचा नाही. चौकट रिकामी राहू दे.

या पायरीत दोनच गोष्टी बघायच्या. आ, ई, ऊ, ए, ऐ, ओ, औ यांपैकी स्वर असेल तर गुरू. अक्षरावर उच्चारला जाणारा अनुस्वार किंवा पुढे विसर्ग असेल तर स्वर ह्रस्व असला तरी गुरू. म्हणून "संध्या"चा सं गुरू, "दुःख"मधला दु गुरू.

"उच्चारला जाणारा" हे शब्द मी मुद्दाम लिहिले. जुन्या छापील पुस्तकात तुला "हंसून" असं दिसेल, वाचायचं मात्र "हसून". तिथला ह लघुच आहे. असे न उच्चारले जाणारे अनुस्वार १९६२च्या लेखन-नियमांनी काढले, त्यामुळे नव्या छपाईत ही अडचण येत नाही. जुनं पुस्तक असेल तर शब्द आधी मोठ्याने म्हण, मग रेघ मार.

आणखी एक: कृ, मृ, तृ यांतला स्वर ऋ आहे आणि तो ह्रस्व आहे. खाली काहीतरी लटकलंय म्हणून ते जोडाक्षर होत नाही. "सुकृत"मधली तिन्ही अक्षरं लघु आहेत. मी इतकी वर्षं सु गुरू करत होते.

## ३. जोडाक्षर शोधा आणि बाण मागे न्या

माझ्या मते सगळा गोंधळ या पायरीचा आहे, म्हणून इथे जरा थांबते.

"जोडाक्षर असेल तर गुरू" असं आपण घाईत पाठ केलेलं असतं. नियम तसा नाहीच. जोडाक्षरामुळे त्याच्या आधीचं ह्रस्व अक्षर गुरू होतं. जोडाक्षर स्वतः लघु की गुरू हे त्याच्या स्वतःच्या स्वरावर ठरतं. "स्तब्ध" घे. मी काय केलं होतं? स्त गुरू, कारण ते जोडाक्षर. ब्ध गुरू, कारण तेही जोडाक्षर. प्रत्यक्षात स्त गुरू आहे तो पुढच्या ब्धमुळे. ब्धचा स्वर अ आहे, पुढे जोडाक्षर नाही, म्हणून तो लघु. बघ, स्तच्या बाबतीत माझं उत्तर बरोबर आणि कारण चूक होतं. अशी चूक सगळ्यात जास्त दिवस टिकते, कारण ती पकडली जात नाही.

मावशीची युक्ती साधी आहे. प्रत्येक जोडाक्षराला गोल कर आणि गोलातून डावीकडच्या अक्षराकडे बाण काढ. बाण जिथे टेकेल तिथे गुरू. गोलातल्या अक्षराचा विचार करायचाच नाही.

गोल करताना क्ष आणि ज्ञ सुटतात. ती वर्णमालेत सुटी शिकवतात म्हणून जोडाक्षरं वाटत नाहीत, पण आहेत. "पक्षी"चा प मी लघु धरला होता. पक्-क्षी असं म्हणून बघ, प वर जीभ कशी अडते ते कळेल.

आता अपवाद. मावशीच्या तिसऱ्या ओळीत "पुन्हा" आहे. बाण काढला तर पु गुरू व्हायला हवा, पण होत नाही. मराठीत म्ह, न्ह, ऱ्ह, ऱ्य आणि "तुझ्या", "निळ्या" अशा रूपांतला य आधीच्या अक्षरावर आघात देत नाही. तुम्ही, पुन्हा, कुऱ्हाड, दुसऱ्या, तुझ्या: यांत जोडाक्षराच्या आधीचं अक्षर लघुच राहतं.

यादी पाठ करायची गरज नाही, कानाने ओळखता येतं. जोडाक्षराचा पहिला वर्ण दुप्पट करून शब्द म्हण. "सत्य" हे "सत्-त्य" म्हटलं तर शब्द बिघडत नाही, आपण जवळजवळ तसंच म्हणतो. "पुण्य" हे "पुण्-ण्य" म्हटलं तरी चालतं. "तुम्-म्ही" किंवा "पुन्-न्हा" म्हणून बघ, कुणीतरी थट्टा करतंय असं वाटेल. दुप्पट केल्यावर शब्द खटकला की बाण खोडून टाक.

सावध: जोडाक्षर पुढच्या शब्दाच्या सुरुवातीला असेल तर लगेच निर्णय घेऊ नकोस. दुसऱ्या ओळीत "मन स्तब्ध" आहे. संस्कृतात स्तचा बाण सरळ मनच्या न वर जातो. मराठीत दोन शब्दांमध्ये आपण किंचित थांबतो आणि न हलका राहू शकतो. कवी दोन्ही तऱ्हांनी वापरतात. अशा बाणावर प्रश्नचिन्ह काढ आणि पुढे जा. उत्तर पाचव्या पायरीत मिळतं.

## ४. उरलेल्या चौकटी लघु करा

आता जे रिकामं आहे त्याला अर्धगोल (∪). यात विचार करायचं काही नाही, आणि म्हणूनच ही पायरी चौथी आहे. आधी लघु लावायला गेलीस तर प्रत्येक अक्षराला दोन्ही नियम तपासावे लागतात.

चरणाचं शेवटचं अक्षर तेवढं वेगळं बघायचं. चौथ्या ओळीच्या शेवटी "उजेड"चा ड आहे, स्वर ह्रस्व. पण ओळ म्हणताना आपण तिथे रेंगाळतो, ड लांबतो. म्हणून चरणान्तीचा लघु गुरू धरता येतो. ही सवलत फक्त शेवटच्या चौकटीला आहे. मी ती एकदा मधल्या शब्दाला देऊन बसले होते, कारण मला नाव जुळवायचं होतं.

## ५. चार ओळी उभ्या वाचा

ही पायरी मला कुणी शिकवलीच नव्हती. चारही ओळींच्या खुणा एकाखाली एक आल्या आहेत. आता आडव्या वाचू नकोस, उभा एकेक स्तंभ बघ. अक्षरगणवृत्तात चारही चरणांचा लगक्रम, म्हणजे लघु-गुरूंचा क्रम, एकच असतो, म्हणून प्रत्येक स्तंभात चारही खुणा सारख्या असायला हव्यात.

माझ्या कागदावर चार स्तंभ बिघडले. पहिल्यात सं, वा, डो गुरू आणि प लघु. क्ष सुटला होता. तिसऱ्यात उ, घ, मि लघु आणि पु गुरू: "पुन्हा"चा बाण खोडायला हवा. बाराव्यात न, र, उ लघु आणि ब्ध गुरू, म्हणजे बाण मागे नेऊनही जुन्या सवयीने रेघ मारलेली. आणि दहाव्यात स, य, ळ लघु, तर न वर प्रश्नचिन्ह. तीन शेजारी लघु म्हणताहेत तर न लघुच. प्रश्नचिन्ह मिटलं.

चुका मला कुणी दाखवल्या नाहीत, कागदानेच दाखवल्या. मावशी तेवढ्यात उठून दिवा लावून आली.

दुरुस्तीनंतर चारही ओळींचा लगक्रम हा:

– – ∪ – ∪ ∪ ∪ – ∪ ∪ – ∪ – –

तपासा: लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. इथे सात गुरू आणि सात लघु, म्हणजे २१ मात्रा. प्रत्येक ओळीची बेरीज २१ आली पाहिजे.

सावध: तीन विरुद्ध एक असेल तर बहुधा तो एक चुकलेला असतो, पण खुणा बदलण्याआधी कारण शोध. क्ष सुटला, अ गिळला, न बसणारा बाण राहिला, असं काहीतरी सापडलंच पाहिजे. सापडलं नाही तर खूण तशीच ठेव. अकरा अक्षरांच्या ओळींत फक्त पहिला स्तंभ विस्कटलेला असेल तर ती चूक नसेलही. इंद्रवज्रा गुरूने सुरू होतं, उपेंद्रवज्रा लघूने, बाकी दोन्ही अगदी सारखी. एकाच श्लोकात दोन्ही मिसळली की त्याला उपजाती म्हणतात.

## ६. आता गण पाडा

डावीकडून तीन-तीन अक्षरांवर उभी रेघ. शब्द कुठे संपतो याच्याशी काही देणंघेणं नाही. तुझ्या कागदावर तू "संध्या" हा शब्द तुटू नये म्हणून दोन अक्षरांवर रेघ मारली असतीस, हे मी पैजेवर सांगते. पहिली ओळ अशी तुटते:

संध्याउ | दासग | गनीप | सरून | जा | ते

गण ओळखायला "यमाताराजभानसलगं" पुरेसं आहे, पण ते नुसतं पाठ असून उपयोग नाही. कागदाच्या वर लिहून त्यावर खुणा करून ठेव:

य मा ता रा ज भा न स ल गं
∪ – – – ∪ – ∪ ∪ ∪ –

ज्या गणाची खूण हवी त्या अक्षरापासून तीन अक्षरं घे. "ताराज" म्हणजे – – ∪, तो त गण. "भानस" – ∪ ∪, भ गण. "जभान" ∪ – ∪, ज गण. शेवटी उरलेल्या एक-दोन अक्षरांना ल किंवा ग.

आपल्या ओळीत: – – ∪ त, – ∪ ∪ भ, ∪ – ∪ ज, ∪ – ∪ ज, मग ग ग. त भ ज ज ग ग.

## ७. नाव, आणि यतीने खात्री

आता तोंड उघडायची परवानगी. त भ ज ज ग ग, १४ अक्षरं: वसंततिलका.

नाव शोधतानाही आधी अक्षरसंख्या बघ, यादी लगेच छोटी होते. नेहमी भेटणाऱ्यांपैकी १२ असतील आणि चारही य असतील तर भुजंगप्रयात, १५ ला मालिनी, १९ ला शार्दूलविक्रीडित. १७ ला मात्र गर्दी आहे. तिथे सुरुवात बघ: सलग चार गुरू आले तर मंदाक्रांता, एक लघु आणि मग पाच गुरू आले तर शिखरिणी, लघु-गुरू-लघु असेल तर पृथ्वी.

शेवटची खात्री म्हणून ओळ मोठ्याने म्हण. वसंततिलकेत आठव्या अक्षरावर यती, म्हणजे थांबा, असतो. आपल्या ओळींत आठव्या अक्षराला गगनी, परतती, ये, बसता असे शब्द संपतात, म्हणून थांबताना शब्द मोडत नाही. थांबा शब्दाच्या पोटात आला तर एकदा मोजणी तपास. मोजणी बरोबर असेल तर कवीनेच यती मोडलेला आहे, तो यतिभंग. तो तुझा दोष नाही.

मावशी म्हणाली, "आता ओळ अर्थाने म्हणू नकोस, फक्त वजनाने म्हण." मी "ताताल ताललल लाल..." करत सुटले आणि तीनदा अडखळले. चौथ्यांदा जीभ आपोआप थांबली, आठव्या अक्षरावर. त्या वेळी रात्रीचे साडेनऊ झाले होते आणि जेवायचं राहिलं होतं.

तुझ्या कागदावरच्या चार ओळी मी सोडवलेल्या नाहीत, त्या तूच कर. पण त्याआधी ही एक ओळ घे, मी काल रचली:

निळ्या डोंगराच्या कुशीला विसावा

एकच ओळ आहे, म्हणजे उभे स्तंभ मदतीला नाहीत. अक्षरं १२ आणि मात्रा २० आल्या पाहिजेत. २१ आल्या तर पहिला शब्द दुप्पट करून म्हणून बघ.

तुझी,
मैत्रीण